साडेपाचशेचा अंदाज ते 415 पानं: बहिणीच्या लग्नातली जेवणाची मोजणी

धाकट्या बहिणीचं लग्न 16 फेब्रुवारी 2025 ला, रविवारी, सांगलीत झालं. घरात कामं वाटली गेली तेव्हा माझ्याकडे आमंत्रणांची यादी आणि केटररला द्यायचा आकडा आला. मी पुण्यात राहते, आईबाबा सांगलीत, मुलाकडचे पुण्याचे. कापड, दागिने, कार्यालय यांबद्दल सल्ला देणारी माणसं भरपूर भेटली. पण पानं किती लागतील हे नेमकं कसं काढायचं, हे कुणी नीट सांगितलं नाही. ज्यांच्या घरी येत्या हंगामात कार्य आहे त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात नोव्हेंबरमध्ये झाली. दिवाळीनंतर तारीख पक्की झाली आणि बाबा, मामा आणि मी केटररकडे गेलो. बाबांचा अंदाज होता, "आपले साडेतीनशे आणि त्यांचे दोनशे, साधारण साडेपाचशे." केटररने तो आकडा लिहूनही घेतला नाही. तो म्हणाला, "काका, आत्ता फक्त कमीत कमी किती ते सांगा." आम्ही 350 ची हमी दिली, म्हणजे त्याहून कमी लोक जेवले तरी तेवढ्या पानांचे पैसे द्यायचेच. दुपारच्या पंगतीचा दर पानाला 480 रुपये ठरला. 5 वर्षांखालच्या मुलांचे पैसे नाहीत, 5 ते 10 वयाच्या मुलांचं अर्धं पान. अंतिम आकडा पाच दिवस आधी, म्हणजे 11 फेब्रुवारीला द्यायचा. त्यानंतर 13 तारखेच्या संध्याकाळपर्यंत तो वाढवता येईल, कमी करता येणार नाही. दिलेल्या आकड्यावर 5 टक्के जास्तीची तयारी तो स्वतःहून ठेवतो, आणि तेवढी माणसं खरंच जेवली तर त्यांचे पैसे त्याच दराने.

पाच दिवस आधीच का, हे मी मुद्दाम विचारून घेतलं. केळीची पानं आणि दूध-दही आधी सांगावं लागतं, हे मला वाटलंच होतं. पण त्याची खरी काळजी वाढप्यांची होती. पंगतीत पंधरा-वीस पानांमागे एक वाढपी लागतो, आणि लग्नाच्या दाट तारखांना ही पोरं चार दिवस आधी दुसऱ्या कामावर बांधली जातात. आकडा उशिरा वाढला तर जेवण पुरतं, पण वाढायला हात पुरत नाहीत, आणि मसालेभात येईपर्यंत वरणभात संपून माणसं नुसती बसून राहतात. हे ऐकल्यावर शेवटच्या दिवसापर्यंत "बघू" म्हणत राहण्यात अर्थ नाही हे आम्हा सगळ्यांना पटलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात यादी करायला बसले. आईकडे 2019 सालच्या, मोठ्या भावाच्या लग्नातली आहेराची वही होती. ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. पत्रिकांची यादी कुणाला बोलावलं एवढंच सांगते, आहेराच्या वहीतून कोण खरंच आलं ते कळतं. वहीत नाव असलेली घरं एकेक करून जुन्या अल्बममध्ये शोधली, तेव्हा त्या घरातून किती जण आले होते तेही दिसलं. बाबांच्या बँकेतल्या सहकाऱ्यांना आमंत्रण सहकुटुंब होतं, पण फोटोत बहुतेक जण एकटे किंवा जोडीने. आईच्या माहेरची, मिरजेची घरं मात्र आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत झाडून आलेली. ज्यांच्या घरी आता आहेर घेत नाहीत त्यांच्याकडे अशी वही नसेल, पण अल्बम किंवा व्हिडिओ असतोच. एक दुपार त्यात जाते, पण वाया जात नाही.

गूगल शीटमध्ये एका ओळीत एक कुटुंब ठेवलं. एक माणूस एक ओळ असं केलं तर चारशे-पाचशे ओळी होतात आणि फोनवर बोलताना काहीच सापडत नाही. एक पत्रिका एक ओळ हेही चालत नाही, कारण एका पत्रिकेत कधी तीन चुली असतात. ठाण्याच्या आत्याच्या पत्रिकेवर नाव एकच, पण तिचे दोन्ही मुलगे वेगळे राहतात, एक ठाण्यात आणि एक हिंजवडीत, आणि दोघांचं येणं-जाणं एकमेकांवर अवलंबून नाही. म्हणून तिथे तीन ओळी. आमच्या बाजूच्या अशा 142 ओळी झाल्या. प्रत्येक ओळीत गाव, कुणाकडचे, आमंत्रण कसं (चूलबंद, जोडीने की घरटी एक), मोठी माणसं किती, 5 ते 10 ची मुलं किती, त्याहून लहान किती, सोबत येणारं आणखी कोण, आणि फोन कोण करणार. पुढे तीन जेवणांचे तीन वेगळे कॉलम: आदल्या रात्री सीमांतपूजनाचं जेवण, लग्नाच्या सकाळचा नाश्ता आणि दुपारची पंगत. हे तीन आकडे एकमेकांपासून फार लांब असतात. गावातली माणसं फक्त दुपारी येतात, मुंबईची तिन्ही वेळेला असतात.

मुलांच्या वयाच्या बाबतीत एक सांगते. कॉलममध्ये वय लिहू नका, जन्मसाल लिहा. नातेवाइकांच्या डोक्यात आपल्या भाच्याचं वय दोन वर्षं मागे राहिलेलं असतं. शिवाय पंगतीत वयाइतकंच महत्त्वाचं आहे ते मूल वेगळं पान घेऊन बसतं की आईच्या पानात जेवतं. चार वर्षांचं मूल आपलं पान मांडून बसलं तर खुर्ची अडते, पान लागतं आणि वाढपीही लागतो, मग पैसे पडोत वा न पडोत. केटररशी बोलून आम्ही ठरवलं की 5 वर्षांखालचं मूल वेगळं बसलं तर त्याचंही अर्धं पान धरायचं. हे आधी बोलल्यामुळे शेवटी हिशोबाला वाद झाला नाही.

सोबत येणाऱ्या माणसांचा कॉलम मला सर्वांत नाजूक वाटला. आपल्याकडे सोबत म्हणजे फक्त नवराबायको नसतात. मावसभावाचा साखरपुडा झालेला, तर ती मुलगी येणार, आणि ती आली तर तिच्या आईवडिलांना बोलवायचं की नाही हा प्रश्न येतोच. मामाच्या सुनेचे आईवडील मिरजेतच राहतात. नव्वदीच्या आजीबरोबर तिला सांभाळणाऱ्या मावशी येणार. लांबून गाडीने येणाऱ्यांचे ड्रायव्हर असतात. आम्ही असं ठरवलं की व्याही असतील तर त्यांना वेगळी पत्रिका आणि शीटमध्ये वेगळी ओळ. "आमच्याबरोबर त्यांनाही घेऊन येतो" असं कुणी म्हटलं की आई त्याच दिवशी त्यांना स्वतः फोन करून बोलवायची. त्यांचा मान राहतो आणि आपल्याला खरा आकडा कळतो. ड्रायव्हर आणि सांभाळणारी माणसं त्या-त्या कुटुंबाच्या ओळीतच मोठ्यांमध्ये मोजली. ती पहिल्या पंगतीला बसत नाहीत म्हणून विसरली जातात, आणि शेवटी त्यांनाच जेवण कमी पडतं. ते आम्हाला अजिबात नको होतं.

आता मूळ अडचण. आपल्याकडे "तुम्ही येणार का?" असं विचारता येत नाही. विचारलं तर समोरच्याला वाटतं, यावं की नाही अशी यांनाच शंका आहे. उत्तरही ठरलेलं असतं: "अगं, घरचं कार्य आहे, येणारच!" ते मनापासून असतं, पण त्यातून पानं मोजता येत नाहीत. यावर माझ्या मामीने जे सुचवलं त्यावर पुढचं सगळं उभं राहिलं. ती म्हणाली, "येणार का विचारूच नकोस. त्यांची सोय विचार."

डिसेंबरच्या मध्यावर त्याचा पहिला अनुभव आला. रेल्वेचं आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी सुरू होतं, म्हणजे 14-15 फेब्रुवारीच्या गाड्यांची तिकिटं साधारण 16 डिसेंबरपासून मिळू लागली. मुंबईची मंडळी महालक्ष्मी एक्सप्रेसने येतात. त्यांना मी फोन केला तो असा: "आत्या, तिकिटं निघायला लागलीत. तुमची काढली का? परतीचं कधीचं काढताय? त्याप्रमाणे खोल्या ठेवते." या एका फोनमध्ये किती माणसं, किती मुलं, कुठल्या रात्री मुक्काम आणि कुठलं जेवण हे सगळं मिळालं. ज्यांनी तिकीट काढलं ते नक्की. ज्यांनी "बघतो, नाहीतर बसने येऊ" म्हटलं त्यांच्यापुढे मी "बहुतेक" लिहिलं. पुण्याच्या लोकांना विचारलं, "गाडीत जागा आहे का? आजीला कुणाबरोबर पाठवावं, विचार चाललाय." गाडीत किती जागा रिकामी आहे हे सांगताना माणूस आपोआप सांगतो की गाडीत कोण-कोण आहे. सांगलीतल्या लोकांना मुक्काम नको, गाडी नको. तिथे विचारायचं, "सीमांतपूजनाला संध्याकाळी येताय की थेट मुहूर्तावर?"

हे फोन सगळे मी केले नाहीत. बाबांकडचे आत्याने केले, आईकडचे मामीने, बँकेतले बाबांनी आणि शेजारचे आईने. माझ्याकडे फक्त चुलत-मावस भावंडं आणि बहिणीच्या मैत्रिणी. ज्याचं नातं त्यानेच विचारायचं, हे फार महत्त्वाचं आहे. मी फोन केला की मोठी माणसं "हो बाळा, येतो" म्हणून थांबायची. आत्याने केला की "मोठ्या सुनेला सातवा आहे, ती नाही येणार, आणि ती नाही म्हणून तिची आईसुद्धा थांबेल" इथपर्यंत कळायचं. आत्या आणि मामीला शीट उघडायला लावलं नाही. त्या फोन झाला की मला आवाजी निरोप पाठवायच्या, रात्री बसून मी भरायचे.

संक्रांत झाल्यावर पत्रिका वाटायला सुरुवात केली. पहिली सांगलीच्या गणपतीपुढे ठेवली, मग गावोगाव. याच काळात फेब्रुवारीची तारीख म्हणजे काय ते ठळकपणे समोर आलं. बारावीची परीक्षा 11 फेब्रुवारीपासून होती आणि दहावीची 21 पासून. ज्या घरात बारावीचं मूल आहे तिथून पूर्ण कुटुंब येत नाही. बहुतेक वेळा बाबा एकटे सकाळी येऊन दुपारी जातात, आई मुलापाशी थांबते. दहावीचं मूल असेल तर लग्न गावातलं असल्यास तासाभरासाठी सगळे येतात, परगावचं असल्यास नाही. मी आमच्या यादीत अशी घरं वेगळ्या रंगाने रंगवली आणि तिथले आकडे आमंत्रणाप्रमाणे न धरता विचारून धरले. फक्त या रंगाच्या ओळींतून बावीस माणसं कमी झाली.

मूळ गावची मोजणी कुटुंबाने होतच नाही, हेही जानेवारीत कळलं. बाबांचं गाव तासगाव तालुक्यात आहे. तिथे भावकीला आमंत्रण उंबऱ्याला असतं, घरटी एक. कोण येणार हे त्या सकाळीच ठरतं: शेतात पाणी कुणाला पाजायचंय, द्राक्षाच्या बागेत माल तोडायला आलाय का, कुणाची म्हैस व्यायली का. फेब्रुवारी हा त्या भागात द्राक्षाच्या तोडणीचा महिना. म्हणून गावातल्या चुलत काकांना मी एवढंच विचारलं की गाड्या किती निघतील. ते म्हणाले, "दोन वडापच्या गाड्या सांगितल्यात, आणि पोरं मोटरसायकलवर." दोन गाड्यांत दाटीवाटीने पंचवीस, मोटरसायकलवर दहा-बारा. गावासाठी एकच ओळ ठेवली: 36. गाड्या वाढल्या तरच हा आकडा हलवायचा असं ठरवलं.

जानेवारीच्या शेवटी आत्याने कालनिर्णयचं फेब्रुवारीचं पान उघडलं आणि मला फोन केला. 16 तारखेला संकष्टी चतुर्थी होती. चंद्रोदय रात्री साडेनऊनंतर, म्हणजे संकष्टी धरणारं माणूस दुपारच्या पंगतीला जेवणार नाही. आमच्या दोन्ही घरांत गणपती मानणारे बरेच, सांगलीत तर विचारूच नका. ज्याचा उपवास आहे त्याच्यासाठी 480 रुपयांचं पान मांडणं व्यर्थ, आणि त्याला काहीच न देता पाठवणं त्याहून वाईट. केटररशी बोललो. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, बटाट्याची उपवासाची भाजी आणि दही असं फराळाचं ताट त्याने 180 रुपयांत करून द्यायचं मान्य केलं. त्यासाठी पंगतीपासून वेगळं टेबल आणि वेगळी भांडी, कारण उपवासाच्या भांड्यांना साध्या जेवणाचा हात लागलेला अनेकांना चालत नाही. अट एकच: तोही आकडा 11 तारखेला.

हा प्रश्न विचारणं सगळ्यात सोपं गेलं. "त्या दिवशी संकष्टी आहे, तुमच्याकडे कुणाकुणाचं फराळाचं धरू?" यात आपुलकी आहे. ज्यांनी आधी "कळवतो" म्हटलं होतं त्यांनीही याचं उत्तर मोजून दिलं: "माझं आणि सासूबाईंचं, मुलं जेवतील." मग येणारी माणसं किती हे वेगळं विचारायची गरजच राहिली नाही. काही जण दुपारी फराळही करत नाहीत, फक्त दूध आणि फळं. त्यांना मी कुठल्याच जेवणात धरलं नाही, केळी आणि मसाला दूध आम्ही घरचं ठेवलं.

मुलाकडच्यांचा आकडा हा वेगळाच विषय आहे. मुलीकडून "तुमचे नक्की किती?" असं विचारणं जड जातं. त्यांच्याकडून आधी "दोनशे-सव्वादोनशे" असं आलं होतं. आम्ही विचारलं ते असं की बससाठी कार्यालयाबाहेर जागा ठेवायची आहे, आणि खोल्यांवर नावं लावायची आहेत. मुलाच्या काकांनी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खोल्यांची यादी पाठवली. दोन बसमध्ये मिळून 84, खासगी गाड्यांतून 44, आणि सांगली-कोल्हापूरचे त्यांचे नातेवाईक 30. एकूण 158, त्यात 12 मुलं 5 ते 10 वयाची. संकष्टी धरणारे 9, तेही त्यांनी न मागता कळवलं. ही यादी इतकी नीट होती की तिला आम्ही कुठलाही हिशोब लावला नाही, जशीच्या तशी घेतली. बसमध्ये बसणारं वऱ्हाड येतंच.

आमच्या बाजूला मात्र हिशोब लावावा लागला. 3 फेब्रुवारीपासून दुसरी फेरी केली, फक्त "बहुतेक" आणि "कळवतो" असलेल्या घरांना. 10 तारखेच्या रात्री चित्र असं होतं: नक्की म्हणणारी 214 मोठी माणसं, बहुतेक 86, कळवतो म्हणणारी 60. सगळी आली तर 360. पण सगळी येत नाहीत. 2019 ची वही समोर ठेवून, मामा आणि बाबांशी बोलून आम्ही प्रत्येक उत्तराला एक वजन दिलं. नक्कीला 0.95, कारण शंभरात चार-पाच जण ताप, रजा किंवा गाडी बंद पडल्याने राहतातच. बहुतेकला 0.7 आणि कळवतोला 0.25. शीटमध्ये मोठ्यांचा कॉलम F आणि वजनाचा K होता, आणि सूत्र एवढंच:

```
=SUMPRODUCT(F2:F143,K2:K143)
```

उत्तर 278.5 आलं, ते आम्ही 278 धरलं. ही वजनं आमच्या घराची आहेत, उचलून तुमच्या यादीला लावू नका. ज्यांचा गोतावळा एकाच गावात आहे त्यांचं बहुतेक 0.85 पर्यंत जाईल, आणि ज्यांचे पाहुणे चार शहरांतून येणार त्यांचं खाली येईल. शिवाय हे सूत्र प्रत्येक कुटुंब स्वतंत्रपणे येतं असं धरून चालतं, आणि तसं नेहमी होत नाही, हे पुढे दोनच दिवसांत दिसलं.

278 मध्ये मुलाकडची 146 मोठी माणसं मिळवली. मग यादीत कुठेच नसलेली, पण दुपारी तिथेच जेवणारी माणसं: गुरुजी, फोटोग्राफर आणि त्यांचे मदतनीस, सनई-चौघडा, मेकअपवाली, बसचे ड्रायव्हर आणि क्लीनर, कार्यालयातले कामगार. ही 27. एकूण 451. त्यातून फराळाचे दोन्ही बाजूंचे 38 वजा केले, राहिले 413. 5 ते 10 ची मुलं आमची 31 आणि त्यांची 12, मिळून 43. त्यातली तीन-चार गळतील असं धरून 11 तारखेला सकाळी केटररला आकडे सांगितले: 415 पूर्ण पानं, 40 अर्धी आणि 40 फराळाची ताटं. तिन्ही आकडे आणि दर त्याला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवले, त्याने "ओके" लिहिलं. फोनवर सांगितलेला आकडा लग्नानंतर कुणालाच नक्की आठवत नाही.

12 तारखेला संध्याकाळी मामीच्या माहेरी एक मृत्यू झाला. त्यांच्या भावकीची चार घरं सुतकात गेली आणि नऊ माणसं एकदम गळाली. सगळ्यांच्या नावापुढे "नक्की" होतं. दुःखाच्या घरी जेवणाचा हिशोब करायची वेळ नव्हती, मामीने एवढंच सांगितलं की तिकडचं कुणी येणार नाही. आकडा खाली आणता येत नव्हता, म्हणून आम्ही तो तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी गावाहून काकांचा फोन आला की तिसरी गाडी सांगितली आहे. एरवी आम्ही 13 च्या मुदतीच्या आत आकडा दहाने वाढवला असता. आता ती नऊ रिकामी पानं होती, म्हणून काहीच हलवलं नाही. आकडा खाली येत नाही, वर जातो, म्हणून 11 ला देताना थोडा हात राखून द्यावा आणि 13 पर्यंतचे दोन दिवस वाढीसाठी ठेवावेत, असं मला आता पक्कं वाटतं.

लग्नाच्या दिवशी मोजणी कुणी करायची हे आधी ठरलं होतं. केटररचा सुपरवायझर आणि माझा मामेभाऊ दोघांनी मिळून, प्रत्येक पंगतीत मीठ-लिंबू वाढून झालं की ओळींतून फिरायचं. एका पंगतीला 8 ओळी आणि ओळीला 18 जागा, म्हणजे 144. पंगत भरली की एकेक डोकं मोजावं लागत नाही, रिकाम्या जागा वजा केल्या की झालं. लहान मुलं तेवढी वेगळी मोजली. दोघांनी त्याच कागदावर त्याच वेळी सही केली. तीन पंगती भरून झाल्या आणि चौथीत शेवटी घरचे व कामाची माणसं मिळून 23 बसली. एकूण 455 पानं, त्यात 47 मुलांची, म्हणजे पूर्ण पानं 408. फराळाची 46 ताटं गेली. आईबाबा कन्यादानापर्यंत उपाशीच होते, ते चौथ्या पंगतीत जेवले.

मुलं सात जास्त का आली, याचा शोध मी नंतर शीटमधून घेतला. पाच मुलं 5 वर्षांखालची होती, पण वेगळं पान घेऊन बसली. दोन मुलं शेजारच्या घरांतली, आपल्या मैत्रिणीबरोबर आलेली. फराळाची सहा जास्त ताटं मुलाकडच्या स्थानिक नातेवाइकांची. ते बसमध्ये नव्हते, म्हणून खोल्यांच्या यादीत संकष्टीची नोंद त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती. केटररने खिचडी थोडी जास्तच भिजवली होती, त्यामुळे कुणाला थांबावं लागलं नाही.

18 तारखेला हिशोब झाला. 415 पानांचे 1,99,200, कारण दिलेल्या आकड्याचे पैसे द्यायचेच. 47 अर्ध्या पानांचे 11,280 आणि 46 फराळाच्या ताटांचे 8,280. मिळून 2,18,760, त्यावर 5 टक्के जीएसटी. आदल्या रात्रीचं जेवण आणि नाश्त्याचं बिल वेगळं, ते खोल्यांच्या यादीवरून काढल्यामुळे जवळजवळ बरोबर बसलं. बाबांच्या साडेपाचशेच्या अंदाजाने गेलो असतो तर फक्त दुपारच्या पानांचेच 2,64,000 झाले असते. उरलेला मसालेभात आणि भाजी कार्यालयातल्या कामगारांनी आणि शेजारच्या दोन घरांनी नेली. जिलबी उरली नाही.

त्या रात्री शीटमध्ये प्रत्येक कुटुंबापुढे "प्रत्यक्ष आले" असा एक कॉलम वाढवून, बहिणीच्या फोटोंवरून आणि आत्याच्या आठवणीवरून तो भरला. पुढच्या वर्षी मामेभावाचं लग्न आहे आणि 142 पैकी निम्म्याहून जास्त घरं तीच असणार. मामीने शीट मागून घेतली आहे. तिने त्यात आल्याबरोबर एक गोष्ट वाढवली, ती म्हणजे कुणाच्या घरी कुठल्या महिन्यात बाळंतपण आहे त्याचा कॉलम. तो मला सुचला नव्हता, आणि तो हवाच.